मीठभाकरीतला ‘वगैरे’

दहावीतल्या माझ्या भाचीचा सराव परीक्षेचा पेपर परवा हाती आला. ‘मीठभाकर’ या शब्दाचा समास ओळखायचा होता. तिने ‘मीठ आणि भाकर’ असा विग्रह करून ‘इतरेतर द्वंद्व’ लिहिलं होतं आणि गुण गेला होता. “मामा, मधे ‘आणि’ येतं ना? मग चुकलं कुठे?” असं तिने विचारलं.

तिचा गोंधळ खरा आहे. द्वंद्व समासात दोन्ही पदं सारख्याच महत्त्वाची, एवढं तिने बरोबर ओळखलं होतं. पुढची पायरी मात्र राहिली. द्वंद्वाचे तीन प्रकार शब्दाकडे नुसतं पाहून कळत नाहीत, तो शब्द बोलताना माणसाच्या मनात काय असतं ते पाहावं लागतं.

मी तिला दोन वाक्यं दिली. पहिलं, “आईवडील आले.” सोबत काकाही आले असतील, तर काका आल्याचं वेगळं सांगावं लागतं, कारण ‘आईवडील’ म्हणजे ती दोघंच. हा इतरेतर द्वंद्व. दुसरं, “गरिबाघरची मीठभाकर गोड मानून घ्या.” असं म्हणणाऱ्याने ताटात पिठलं आणि कांदाही वाढला, तर तो खोटं बोलला असं कोणी म्हणणार नाही. त्याला म्हणायचं असतं की घरात जे साधंसुधं आहे ते वाढतो. म्हणून विग्रह ‘मीठ, भाकर वगैरे साधे खाद्यपदार्थ’ असा होतो आणि समास समाहार द्वंद्व ठरतो. समाहार म्हणजे एकत्र गोळा करणं. दोन नावं घेऊन सगळा गठ्ठा सुचवायचा, ही त्याची रीत. चहापाणी, भाजीपाला, केरकचरा हे याच घरातले शब्द. पाहुण्यांच्या चहापाण्यात पोहे असले तरी शब्द बदलत नाही.

क्रियापदही थोडी मदत करतं. ‘आईवडील आले’ हे अनेकवचन. ‘मीठभाकर खाल्ली’, ‘चहापाणी झालं’ हे एकवचन, कारण तिथे सगळं मिळून एकच वस्तू मानली जाते. संस्कृतातही समाहार द्वंद्व एकवचनी, नपुंसकलिंगी असतो: हात-पाय मिळून ‘पाणिपादम्’. पण मराठीत या खुणेवर पूर्ण विसंबू नये. ‘कपडेलत्ते घेतले’ हे अनेकवचन आहे, तरी त्यात टोपी-रुमालही येतातच.

तिसरा प्रकार वैकल्पिक. “खरेखोटे देव जाणे” म्हणताना खरे आणि खोटे दोन्ही अभिप्रेत नसतात; खरे किंवा खोटे, दोहोंपैकी एक असतं. तिथे ‘आणि’ घातलं की अर्थच बिघडतो.

मग भाचीने स्वतःच ‘पालापाचोळा’ घेतला आणि वाक्य केलं, “अंगणातला पालापाचोळा झाडला.” त्यात काटक्याही होत्या का, असं मी विचारलं. “असतीलच की,” ती म्हणाली आणि ‘समाहार’ लिहून मोकळी झाली.

परीक्षेला बसणाऱ्या मुलांना माझं एवढंच सांगणं आहे: विग्रहात ‘आणि’ लिहिण्याआधी तो शब्द एका वाक्यात घाला, आणि तिथे ‘वगैरे’ किंवा ‘किंवा’ बसतं का ते पाहा.