ऑपरेशनच्या सकाळी कोणती गोळी घ्यायची?

‘ऑपरेशनला उपाशीपोटी या’ एवढं सांगून पेशंटला घरी पाठवलं की मधुमेहाच्या आणि बीपीच्या गोळ्यांचं काय करायचं, हा प्रश्न तसाच राहतो. काही जण सगळ्या गोळ्या बंद करतात, काही जण सगळ्या घेऊन येतात. दोन्ही धोक्याचं आहे.

एक उदाहरण घेऊ. अठ्ठावन्न वर्षांच्या बाईंचं पित्ताशयाचं ऑपरेशन गुरुवारी सकाळी ९ वाजता आहे. त्या रोज सकाळी चार गोळ्या घेतात: ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिनची एकत्र गोळी, डापाग्लिफ्लोझिन, टेल्मिसार्टन आणि अम्लोडिपिनची एकत्र गोळी, आणि मेटोप्रोलॉल.

सगळ्यात आधी थांबते डापाग्लिफ्लोझिन. ऑपरेशनच्या किमान तीन दिवस आधी ती बंद करायची असते, म्हणून बाईंची शेवटची गोळी रविवारची. ही गोळी साखर लघवीवाटे बाहेर टाकते. उपास आणि ऑपरेशनचा ताण एकत्र आला की शरीर चरबी जाळू लागतं आणि रक्तात आम्ल साठतं. फसवणारी गोष्ट अशी, की तेव्हा साखर फारशी वाढलेली नसते. मळमळ, पोटदुखी, जोरजोरात श्वास ही लक्षणं दिसली तर नुसत्या साखरेच्या आकड्यावर न विसंबता रक्तातले कीटोन तपासावे लागतात. गोळी बंद असताना साखर थोडी वाढू शकते, म्हणून घरी रोज तपासायची आणि जास्त आली तर डॉक्टरांना कळवायचं.

ग्लिमेपिराइड उपाशीपोटी घेतली तर साखर एकदम उतरते, म्हणून ती जोडगोळी गुरुवारी सकाळी नाही. मेटोप्रोलॉल मात्र चुकवायची नाही. अचानक थांबवली तर नाडी आणि बीपी उसळतात. ती साडेसहाला घोटभर पाण्याबरोबर घ्यायची. टेल्मिसार्टनने भुलेखाली बीपी फार खाली जाऊ शकतं, म्हणून बहुतेक भूलतज्ज्ञ ती चोवीस तास आधी थांबवतात. काही जण चालू ठेवतात. अम्लोडिपिन सहसा चालू राहते. पण इथे दोन्ही एकाच गोळीत आहेत! म्हणूनच सगळ्या स्ट्रिप भूलतज्ज्ञांना दाखवायच्या आणि त्या सकाळसाठी नुसती अम्लोडिपिन लिहून घ्यायची.

भुलेत खोकण्या-गिळण्याची शक्ती जाते आणि पोटातलं फुप्फुसात उतरू शकतं, उपास त्यासाठी. हलकं जेवण सहा तास आधीपर्यंत, तेलकट असेल तर आठ. साधं पाणी दोन तास आधीपर्यंत, म्हणजे बाईंना सातपर्यंत. दुधाचा चहा पाण्यात धरत नाहीत. त्यालाही सहा तास. जुन्या मधुमेहात पोट सावकाश रिकामं होतं, तेव्हा भूलतज्ज्ञ वेळ वाढवतात.

पहाटे घाम, थरथर झाली किंवा साखर ७० च्या खाली गेली तर बिस्किट नको. तीन चमचे ग्लुकोज पाण्यात घालून प्यायचं, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचं आणि हॉस्पिटलला फोन करायचा. ऑपरेशन तासभर पुढे गेलं तरी चालतं.

डापाग्लिफ्लोझिन परत सुरू करायची ती नेहमीचं जेवण जाऊ लागल्यावर आणि डॉक्टरांनी सांगितल्यावरच.