तिसऱ्या रकान्यातला राजू

सातवीच्या मराठीच्या वहीत वाक्प्रचारांसाठी तीन रकाने आखलेले असतात : वाक्प्रचार, अर्थ आणि वाक्यात उपयोग. पहिला रकाना फळ्यावरून उतरवायचा, दुसरा गाइडमधून. तिसऱ्यात मात्र ‘राजूने कंबर कसली’, ‘राजूने धूम ठोकली’, ‘राजूच्या नाकी नऊ आले’ अशी वाक्ये एकाखाली एक उभी राहतात. व्याकरणाच्या दृष्टीने त्यांत काही वावगे नाही. पण राजूला झाले तरी काय, हे एकाही वाक्यातून कळत नाही.

वाक्य जमले की नाही हे तपासायची एक साधी रीत आहे. लिहिलेल्या वाक्यातल्या वाक्प्रचारावर बोट ठेवायचे आणि उरलेले वाक्य घरातल्या कुणाला तरी वाचून दाखवायचे. झाकलेल्या जागी काय असेल, याचा ऐकणाऱ्याला साधारण अंदाज आला पाहिजे. ‘राजूने...’ एवढेच ऐकून कुणाला काय कळणार? राजूने पोहे खाल्ले असतील, नाहीतर शाळा बुडवली असेल.

‘नाकी नऊ येणे’ हा वाक्प्रचार घेऊ. अर्थ : अतिशय त्रास होणे, दमछाक होणे. विद्यार्थ्याचे पहिले वाक्य बहुधा ‘अभ्यास करताना माझ्या नाकी नऊ आले’ असे असते. राजूपेक्षा हे बरे, पण झाकलेल्या जागी ‘मला झोप आली’ किंवा ‘मला मजा आली’ हेही चालून जाते. आता हे पाहा : ‘लिफ्ट बंद पडल्यामुळे गॅसचा भरलेला सिलिंडर पाचव्या मजल्यापर्यंत चढवताना काकांच्या नाकी नऊ आले.’ इथे दमछाकीशिवाय दुसरे काही सुचतच नाही. बंद लिफ्ट, भरलेला सिलिंडर आणि पाचवा मजला या तीन तपशिलांनी अर्थ आधीच उभा केला आहे. वाक्य लांब हवे असे नाही, कारण दिसले पाहिजे.

याच वाक्प्रचारात आणखी एक खाच आहे. ‘मी नाकी नऊ आलो’ असे लिहिणारी मुले दर वर्गात सापडतात. इथे ‘नऊ’ येतात, माणूस येत नाही. म्हणून ‘माझ्या नाकी नऊ आले’. बोलणारी मुलगी असो की मुलगा, ‘आले’ बदलत नाही. उलट ‘कंबर कसणे’ घेतले तर माणूस काहीतरी करतो, म्हणून ‘ताईने कंबर कसली’. दुसऱ्या रकान्यात ‘दमणे’ किंवा ‘तयार होणे’ एवढेच लिहिलेले असते. कुणाला ‘च्या’ लावायचा आणि कुणाला ‘ने’, हे तिथे लिहिलेले नसते. त्यामुळे वाक्प्रचार पाठ करताना सुटा पाठ करण्यापेक्षा ‘आईच्या नाकी नऊ आले’ असा माणसासकट पाठ केलेला चांगला.

शब्द सारखे आणि अर्थ मात्र दोन टोकांना, अशा जोड्यांत तर हमखास गोंधळ होतो. ‘तोंडाला पाणी सुटणे’ म्हणजे एखादा पदार्थ खाण्याची तीव्र इच्छा होणे. ‘तोंडचे पाणी पळणे’ म्हणजे अतिशय घाबरणे. दोन्हींत तोंड, दोन्हींत पाणी. ही जोडी वहीत शेजारी शेजारी लिहून काढावी : ‘आजीने पुरणपोळीवर तूप सोडताच आमच्या तोंडाला पाणी सुटले.’ आणि ‘परीक्षेच्या हॉलच्या दाराशी पोहोचल्यावर हॉल तिकीट घरीच राहिल्याचे दादाच्या लक्षात आले आणि त्याच्या तोंडचे पाणी पळाले.’ एकदा असे लिहिले की मग पुरणपोळीला घाबरणारा मुलगा वहीत दिसत नाही.

शिक्षकांना सर्वांत जास्त हसवणारी चूक वेगळीच असते. ‘कान टोचणे’ म्हणजे चूक दाखवून समज देणे. वहीत येते : ‘सोनाराने बाळाचे कान टोचले.’ वाक्य शुद्ध आहे, घटनाही रोज घडणारी आहे, पण इथे वाक्प्रचार वापरलेलाच नाही. सोनाराने खरोखरच कान टोचले! ‘रात्री दहा वाजता मी डोळे मिटले’ हे तर अंगावर काटा आणणारे वाक्य, कारण वाक्प्रचार म्हणून ‘डोळे मिटणे’ याचा अर्थ मरण पावणे असा आहे. शरीराच्या अवयवांवरून आलेल्या प्रत्येक वाक्प्रचारात हा धोका असतो. म्हणून कान टोचणाऱ्याच्या हाती सुई देऊ नये : ‘पाण्याचा नळ उघडा ठेवून खेळायला पळालेल्या मुलांचे बाईंनी चांगलेच कान टोचले.’

म्हणीचे गणित थोडे निराळे. वाक्प्रचार काळ आणि कर्त्याप्रमाणे रूप बदलतो. म्हण जशीच्या तशी येते. त्यामुळे आधी प्रसंग रंगवायचा आणि शेवटी म्हण टाकायची, ही मांडणी सोयीची पडते. अडचण येते ती म्हणीतले जगच मुलांच्या ओळखीचे नसते तेव्हा.

‘दुष्काळात तेरावा महिना’ याचा अर्थ गाइडमध्ये ‘संकटात आणखी संकट’ असा असतो. पण हा तेरावा महिना आला कुठून? चांद्रवर्ष साधारण ३५४ दिवसांचे आणि सौरवर्ष ३६५ दिवसांचे. दरवर्षी पडणारे हे अकरा दिवसांचे अंतर भरून काढण्यासाठी पंचांगात साधारण बत्तीस-तेहतीस महिन्यांनी एक अधिक महिना येतो. ज्या घरात बारा महिन्यांना पुरेल एवढे धान्यही पिकलेले नाही, तिथे नेमके त्याच वर्षी तेरा महिने काढायचे आहेत. हे कळले की म्हणीचा नेमका अर्थ हाती लागतो : दोन संकटे नुसती एकापाठोपाठ आली म्हणून ही म्हण लागू होत नाही, दुसऱ्याने पहिल्याचा जाच वाढवला पाहिजे. ‘माझा पेन हरवला आणि संध्याकाळी पाऊस आला’ इथे ती बसत नाही. ‘पावसाने ओढ दिल्यामुळे सोयाबीन आधीच करपत होते, त्यात विहिरीवरची मोटार जळाली, मामांसाठी हा दुष्काळात तेरावा महिनाच ठरला’ इथे बसते.

‘आयत्या बिळावर नागोबा’ या म्हणीचेही असेच आहे. नाग स्वतः बीळ खणत नाही. उंदराने खणलेल्या बिळात किंवा वाळवीने उभारलेल्या वारुळात जाऊन राहतो. म्हणजे दुसऱ्याने कष्ट केलेले असणे ही इथली मुख्य अट. नुसत्या आळशी माणसाला ही म्हण लावता येत नाही. ‘महिनाभर तालमी आम्ही केल्या, पडदे आम्ही रंगवले आणि बक्षीस घ्यायला मात्र तालमीकडे न फिरकलेला मॉनिटर पुढे, आयत्या बिळावर नागोबा!’ यात खणणारेही आहेत आणि येऊन बसणाराही आहे.

ज्यांना आणखी खोलात जायचे असेल त्यांच्यासाठी दाते-कर्वे यांचा ‘महाराष्ट्र वाक्संप्रदाय कोश’ आहे. वाक्प्रचारांना पूर्वी ‘संप्रदाय’ म्हणत, म्हणून हे नाव. मोठ्या ग्रंथालयात तो पाहायला मिळतो. सातवीच्या मुलाने तो चाळायची गरज नाही, पण वर्कशीट तयार करणाऱ्या शिक्षकाने किंवा पालकाने चाळावा. इंटरनेटवरच्या याद्यांमध्ये एकमेकींच्या चुका उतरवलेल्या दिसतात.

शेवटची अडचण बोट ठेवून कळत नाही. ‘मी रॅप ऐकवले तर आजोबा उठूनच गेले, गाढवाला गुळाची चव काय!’ म्हण बरोबर, प्रसंग चपखल, अर्थही स्पष्ट. तरी बाई या वाक्यावर लाल रेघ मारतील आणि ते योग्यच होईल, कारण ही म्हण मोठ्याने लहानाला चिडवताना चालते, नातवाने आजोबांना नाही. वाक्य वाचवायचे तर बोलणारा बदलावा : ‘हापूसची फोड बाजूला सारून मी वेफर्स मागितले, तेव्हा आजोबा हसून म्हणाले, “गाढवाला गुळाची चव काय!”’