मूळ मेल कुठे आहे?

भोसरीतल्या एखाद्या छोट्या मशिनिंग युनिटचं ऑफिस समजा. मालक गाडीत आहेत आणि तिथूनच फोन येतो, "मॅडम, त्या चाकणच्या पार्टीला मेल टाका. आपल्याला चालेल म्हणावं, फक्त डिलिव्हरी पंधरा दिवस पुढे घ्या." फोन बंद. पार्टीचा मेल मालकांच्या इनबॉक्समध्ये आहे. मॅडमकडे ना तो मेल आहे, ना त्या इनबॉक्सचा पासवर्ड. संध्याकाळी पाचच्या आत उत्तर जायला हवं.

अशी मागणी कचेऱ्यांत नेहमीची आहे. मेल टाकायला सांगणाऱ्याच्या डोळ्यांसमोर मूळ मजकूर असतो, त्यामुळे आपण तो समोरच्याला दिलेलाच नाही हे त्याच्या लक्षातही येत नाही. ज्याला लिहायचंय तो पुन्हा विचारायला बिचकतो आणि अंदाजाने चार ओळी लिहून मोकळा होतो. गडबड तिथेच होते, कारण उत्तराचा बराचसा अर्थ उत्तरात नसतोच. तो मूळ मेलमध्ये असतो.

सर्वोच्च न्यायालयात गेलेलं एक प्रकरण इथे बघण्यासारखं आहे. ट्रायमेक्स इंटरनॅशनल या कंपनीने ऑक्टोबर 2007 मध्ये वेदांता अ‍ॅल्युमिनियमला बॉक्साइट पुरवण्याचा प्रस्ताव ईमेलने दिला. काही मेल इकडून तिकडे गेले आणि वेदांताने पाच जहाजं मालाचा सौदा पक्का असल्याचं मेलनेच कळवलं. पुढे वाद झाला, तेव्हा रीतसर करारावर सह्याच झालेल्या नाहीत, असा मुद्दा वेदांताकडून आला. 2010 मध्ये न्यायालयाने तो मान्य केला नाही. प्रस्ताव आणि होकार मेलवर स्पष्ट असतील, तर करार झालाच, सविस्तर कागद नंतर व्हायचा होता म्हणून तो नाहीसा होत नाही, असा निकाल दिला. म्हणजे होकाराच्या त्या मेलला वजन आलं ते आधीच्या मेलांमधल्या मालामुळे, दरामुळे आणि अटींमुळे.

आता भोसरीला परत येऊ. मॅडमनी "आपला प्रस्ताव मान्य आहे, फक्त डिलिव्हरी पंधरा दिवस उशिरा होईल" असं लिहून पाठवलं, तर काय होईल? समजा, पार्टीच्या मेलमध्ये तळाशी एक अट होती: ठरलेल्या तारखेनंतर दर आठवड्याला बिलाच्या अर्धा टक्का कपात. मग ते पंधरा दिवस कपातीचे धरायचे की नव्या तारखेपासून मोजायला सुरुवात करायची? कायद्याच्या बाजूनेही हे उत्तर अधांतरी राहतं. 1872 च्या भारतीय करार कायद्याच्या सातव्या कलमानुसार होकार पूर्ण आणि बिनशर्त असावा लागतो. तारीख बदलून दिलेला होकार हा खरं तर उलट प्रस्ताव ठरतो, तो समोरच्याने मान्य करायचा असतो. मालकांना वाटतं काम पक्कं झालं, पार्टीला वाटतं अजून बोलणी चालू आहेत. आणि कपातीची अट मेलमध्ये होती हे मॅडमना ठाऊकच नाही.

म्हणून पहिलं काम म्हणजे मूळ मेल मागून घेणं. आणि तो फॉरवर्ड करूनच मागावा. व्हॉट्सअ‍ॅपवर स्क्रीनशॉट आला की काम झालं असं वाटतं, पण स्क्रीनशॉटमध्ये बहुधा वरचा भागच असतो. सीसीमध्ये कोण आहे ते दिसत नाही, खाली जोडलेली पीडीएफ दिसत नाही, आधीच्या पत्रव्यवहाराची शेपटी कापली जाते. दर नेमका त्या पीडीएफमध्ये असतो. साधा फॉरवर्ड केला तरी पाठवणारा, तारीख, विषय, सीसी आणि जोडण्या सगळं सोबत येतं. मेल खरंच त्या पार्टीचा आहे का, पत्त्यातलं एखादं अक्षर बदललेलं नाही ना, हेही त्यातच तपासता येतं. बँक खातं बदलल्याचं कळवणाऱ्या मेलला उत्तर द्यायचं असेल, तर हे तपासल्याशिवाय एक शब्द लिहू नये.

फॉरवर्डमध्ये एक खोच आहे. त्याला थेट रिप्लाय दिला तर उत्तर पार्टीला न जाता मालकांना जातं. आणि नवा मेल उघडून विषयात हाताने Re: लिहिलं, तरी तो खऱ्या अर्थाने उत्तर होत नाही. प्रत्येक मेलला स्वतःचा एक ओळखक्रमांक असतो, आणि खऱ्या रिप्लायमध्ये तो आपोआप नोंदला जातो. मूळ मेलचा क्रमांक असा असेल:

```
Message-ID: <po-4471@example.com>
```

तर त्याच्या उत्तरात या ओळी असतात:

```
In-Reply-To: <po-4471@example.com>
References: <po-4471@example.com>
```

या ओळी नसल्या की पार्टीच्या इनबॉक्समध्ये आपलं उत्तर जुन्या साखळीत न बसता सुटं पडण्याची शक्यता असते. रोज शंभर मेल येणाऱ्या खरेदी विभागात असा सुटा मेल सहज नजरेआड होतो. यावर सगळ्यात सोपा उपाय असा, की मॅडमनी फक्त मजकूर तयार करून मालकांना द्यावा आणि मालकांनी मूळ मेल उघडून, रिप्लाय दाबून तो तिथे चिकटवावा. मेल मॅडमच्याच पत्त्यावरून जायला हवा असेल, तर मालकांनी Forward as attachment हा पर्याय वापरावा. ती जोडणी आउटलुक किंवा थंडरबर्डमध्ये उघडून रिप्लाय दिला, की उत्तर थेट पार्टीला जातं आणि ओळखक्रमांकही टिकतो.

मालक लगेच मेल पाठवू शकत नसतील, तर तुकड्यातुकड्यांनी विचारत बसू नये. एकाच मेसेजमध्ये सगळं विचारावं: "साहेब, मूळ मेल फॉरवर्ड कराल का? नाही जमलं तर एवढं सांगा: त्यांनी नेमकं काय मागितलंय, डिलिव्हरीची त्यांची तारीख कोणती, उशिराबद्दल काही अट आहे का, आणि सीसीमध्ये कोण आहे?" गाडीतल्या माणसाला याची उत्तरं एका व्हॉइस मेसेजमध्ये देता येतात.

तेवढंही मिळालं नाही आणि पाच वाजत आले, तर होकार देऊ नये आणि नकारही देऊ नये. पार्टीच्या जुन्या बिलावर असलेल्या पत्त्यावर असं लिहावं: "आपल्या मेलचं उत्तर साहेब उद्या दुपारी बारापर्यंत देतील. डिलिव्हरीच्या तारखेबद्दल त्यांना बोलायचं आहे. तोपर्यंत कोणतीही अट मान्य किंवा अमान्य झाली असं समजू नये." कच्चा मसुदा वाचताना "आपण म्हटल्याप्रमाणे", "वरील अटींनुसार", "जोडलेल्या पत्रकाप्रमाणे" असे शब्द दिसले, की थांबावं. न पाहिलेल्या गोष्टीवर ते सही करतात.

मूळ मेल हाती आल्यावर मॅडमचा मसुदा वेगळाच होतो. मेलची तारीख आणि विषय पहिल्या ओळीत येतो, त्यामुळे कशाचं उत्तर आहे यात शंका राहत नाही. मग दर आणि नग मान्य असल्याचं आकड्यांसह लिहिलं जातं. त्यानंतर नवी डिलिव्हरी तारीख, आणि लगेच पुढचं वाक्य: "उशिराबद्दलची कपात या नव्या तारखेनंतर लागू होईल, हे आपल्याला मान्य असल्यास कृपया कळवावे." मालकांनी फोनवर कपातीचं नावही काढलं नव्हतं. मसुदा वाचून ते बहुधा आधी तोच आकडा पाहतील, आणि मगच रिप्लाय दाबतील.