घराचा डॅशबोर्ड, पण बाहेरच्यांना न दिसणारा

टाकीतल्या पाण्याची पातळी, गिझर, दारावरचा कॅमेरा हे सगळं एका पानावर दाखवणारा होम असिस्टंटचा डॅशबोर्ड बरेच हौशी लोक रास्पबेरी पायवर चालवतात. घरात तो 8123 या पोर्टवर उघडतो. तो ऑफिसातून बघायचा म्हटलं की हमखास सल्ला मिळतो: राउटरमध्ये पोर्ट फॉरवर्डिंग करा, पासवर्ड तगडा ठेवा, झालं.

झालं नाही. मार्च २०२३ मध्ये होम असिस्टंटनेच जाहीर केलं, की त्यांच्या सुपरवायझर या भागात लॉगिन टाळून आत शिरता येईल असा दोष होता, आणि तो २०१७ पासून होता. ज्याला लॉगिनच करावं लागत नाही, त्याला तुमच्या पासवर्डची लांबी काय अडवणार? इंटरनेटवरची उघडी पोर्ट शोधणारे प्रोग्रॅम तर अखंड फिरत असतात.

म्हणून लॉगिनचं पान बाहेर दिसूच द्यायचं नाही. रास्पबेरी पायवर वायरगार्ड हा व्हीपीएन बसवायचा आणि राउटरमधून फक्त त्याचं 51820 हे यूडीपी पोर्ट आत वळवायचं. मग हेही पोर्ट फॉरवर्डिंगच की! आहेच, पण ओळखीची किल्ली नसलेल्याला वायरगार्ड उत्तरच देत नाही. त्यामुळे शोधणाऱ्याला तिथे काही आहे याचा पत्ता लागत नाही. प्रत्येक फोनला वेगळी किल्ली द्यावी. फोन हरवला तर तेवढीच रद्द करता येते.

आपल्याकडे खरी अडचण वेगळीच येते. राउटरच्या पानावर दिसणारा वॅन आयपी 100.64 ते 100.127 यांपैकी कशाने सुरू होत असेल, तर कंपनीने अनेक ग्राहकांना एकच सार्वजनिक पत्ता वाटून दिला आहे. अशा जोडणीवर बाहेरून काहीच आत येत नाही. तेव्हा टेलस्केल वापरावं. त्यात घरचा संगणक स्वतःच बाहेर जोडणी करतो, त्यामुळे राउटरला हात लावावा लागत नाही.

दुसरा घोळ असा: मोबाइल डेटावर व्हीपीएन चालतो, ऑफिसच्या वायफायवर जोडलेला दिसतो पण डॅशबोर्ड उघडत नाही. बहुधा दोन्हीकडचे पत्ते 192.168.1 नेच सुरू होत असतात आणि फोन घरचा पत्ता ऑफिसातच शोधत बसतो. घरचे पत्ते 192.168.47 असे काहीतरी वेगळे करावेत.

पासवर्ड तरीही हवाच, कारण पाहुण्याचा फोन आणि स्वस्तातला कॅमेरा घरच्याच वायफायवर असतात. घरातल्या प्रत्येकाचं खातं वेगळं ठेवावं, पासवर्ड दुसरीकडे कुठे न वापरलेला असावा, दुहेरी पडताळणी चालू करावी. शिवाय `configuration.yaml` मध्ये एवढं घालावं:

```yaml
http:
  ip_ban_enabled: true
  login_attempts_threshold: 5
```

म्हणजे पाच चुकीच्या प्रयत्नांनंतर तो पत्ता बंद होतो. तो घरच्याच कुणाचा निघाला, तर `ip_bans.yaml` मधून काढून होम असिस्टंट पुन्हा सुरू करावं लागतं.

शेवटी 8123 चा जुना नियम राउटरमधून काढून टाकावा. हेच नेमकं राहून जातं. मग फोनवर व्हीपीएन आणि वायफाय बंद करून घरचा सार्वजनिक पत्ता आणि पुढे `:8123` टाकून पाहावं. पान उघडलं, तर नियम अजून तिथेच आहे.