पुण्याहून निघाला, कोल्हापूरला पोहोचला. मधल्या मालाचं काय?

एकाच कंपनीच्या दोन शाखांमध्ये माल हलवायचा, तर इथून वजा करा आणि तिथे मिळवा, एवढंच काम आहे, असं पुष्कळांना वाटतं. लहान दुकानात ते चालूनही जातं. पण माल पुण्याच्या गोदामातून संध्याकाळी निघतो आणि कोल्हापूरच्या शाखेत दुसऱ्या दिवशी उतरतो. त्या रात्री तो पुण्याचा धरला, तर पुण्याचा विक्रेता नसलेला माल विकून बसेल. कोल्हापूरचा धरला, तर तिथलं काउंटर गिऱ्हाइकाला ‘आहे’ म्हणून सांगेल. म्हणून ट्रान्सफर ऑर्डरमध्ये जावक आणि आवक या दोन वेगळ्या नोंदी असतात आणि मधल्या काळात माल ‘इन ट्रान्झिट’ राहतो. तो विक्रीला उपलब्ध नसतो, मात्र मालकी कंपनीचीच असते. ३१ मार्चच्या रात्री माल ट्रकमध्ये असेल, तर त्याची किंमत कंपनीच्या अखेरच्या साठ्यात धरावीच लागते.

‘आवक करताना चलनावरचा आकडाच टाकायचा, म्हणजे हिशेब जुळतो’ हा समज जास्त नुकसान करतो. आवकेची नोंद म्हणजे प्रत्यक्ष मोजून हाती आलेला माल. चलनाचा आकडा उतरवला, तर ट्रान्झिट रिकामं होतं आणि फरक शोधायची जागाच नाहीशी होते.

एक हिशेब मांडून पाहू. पुण्याने ३ लिटरचे ६० कुकर (प्रत्येकी १,५०० रुपये) आणि ५ लिटरचे ४० कुकर (प्रत्येकी २,००० रुपये) पाठवल्याचं चलन आहे. एका बॉक्समध्ये एक कुकर, बिल्टीवर एकूण १०० बॉक्स. कोल्हापूरला बॉक्स उतरले ९९. त्यात ३ लिटरचे ५७ आणि ५ लिटरचे ४२.

इथे तिसरा गैरसमज पुढे येतो: ‘फरक ज्या शाखेत सापडला, तिथेच स्टॉक ॲडजस्टमेंट करून टाका.’ तसं केलं तर ३ लहान कुकरांची ४,५०० रुपयांची तूट आणि २ मोठ्यांची ४,००० रुपयांची वाढ दिसेल. निव्वळ फरक ५०० रुपये. एवढ्यासाठी कोण फोन करणार? मात्र हा ५०० चा आकडा खरं काय घडलं ते सांगत नाही.

उत्तर पुण्याच्या रॅकवर आहे. तिथे या दोन मालांची मोजणी केली, तर पुस्तकापेक्षा ३ लिटरचे २ जास्त आणि ५ लिटरचे २ कमी निघतात. म्हणजे माल काढतानाच दोन बॉक्सची अदलाबदल झाली. प्रत्यक्षात निघाले ५८ आणि ४२, मिळून १०० आणि बिल्टी बरोबर होती. वाटेत हरवला तो ३ लिटरचा एकच कुकर.

आता नोंदीही घटनेप्रमाणेच होतात. कोल्हापूरची आवक ५७ आणि ४२. ट्रान्झिटमध्ये उरलेल्या ३ लहान कुकरांपैकी २ पुण्याला परत जमा. चलनावर नसलेल्या २ मोठ्या कुकरांची पुण्याकडून पूरक जावक. राहिलेला १ कुकर, म्हणजे १,५०० रुपये, वाहतुकीतील तूट. कोल्हापूरने परस्पर ॲडजस्टमेंट केली असती, तर वार्षिक मोजणीत पुण्यात पुन्हा २ जास्त, २ कमी निघाले असते आणि त्याचा या ट्रकशी संबंध कुणाच्याही लक्षात आला नसता.

त्या एका बॉक्सची भरपाई वाहतूकदाराकडे मागायची, तर ‘१ बॉक्स कमी’ हा शेरा ड्रायव्हर उभा असतानाच पोचेवर लिहून त्याची सही घ्यावी. २००७ च्या रस्ते मालवाहतूक कायद्यानुसार दावा लावण्यापूर्वी लेखी नोटीस द्यावी लागते, तीही बुकिंगच्या तारखेपासून १८० दिवसांत. हरवलेल्या कुकरावर घेतलेलं जीएसटीचं इनपुट क्रेडिट मात्र परत करावं लागतं. फुटका किंवा चेपलेला माल हे आणखी वेगळं प्रकरण. तो पोहोचलेला असतो, म्हणून त्याची आवक होते, पण विक्रीच्या साठ्यात नव्हे, खराब मालाच्या वेगळ्या जागेत.

ट्रान्झिटमध्ये काही अडकलंय का, हे पाहायला जावकेच्या तारखेनुसार यादी काढावी. पुणे–कोल्हापूर एका दिवसाचा रस्ता आहे. तीन दिवसांनंतरही तिथे माल दिसला, तर एकतर आवक करायची राहिली आहे किंवा फरकाचा निकाल लागलेला नाही.

‘शाखा आपलीच, मग कर कसला?’ हे पुणे–कोल्हापूरला लागू पडतं, कारण दोन्ही एकाच जीएसटी नोंदणीखाली असतील तर डिलिव्हरी चलन पुरतं. हा माल १,७०,००० रुपयांचा असल्याने ई-वे बिल मात्र लागतं. महाराष्ट्रांतर्गत मर्यादा १ लाखाची आहे. तोच ट्रक म्हापशाच्या शाखेला गेला असता, तर गोव्याची नोंदणी वेगळी असल्याने कायद्याच्या नजरेत ती दुसरी व्यक्ती ठरते. तिथे कर-बीजक आणि आयजीएसटी लागतो, आणि म्हापशाच्या शाखेला क्रेडिट मिळतं ते प्रत्यक्ष हाती आलेल्या मालावरच.