अत्तर एकच, अंगं दोन

मंडळी, मागच्या हिवाळ्यात आमच्या घरी एक तंटा झाला. माझ्या पत्नीनं आणि मेहुणीनं एकाच दुकानातून एकाच नावाची दोन अत्तरं घेतली. लिंबाच्या सालीचा वास वर, तळाशी चंदन. मेहुणीच्या मनगटावर ते संध्याकाळपर्यंत दरवळायचं, हिच्या मनगटावर दोन तासांत गायब. हिचा निष्कर्ष ठरलेला: "दुकानदारानं मला भेसळीचं दिलं."

आरोप करण्याआधी तपासावं, एवढं तत्त्वज्ञानानं मला शिकवलं आहे. आम्ही दोन्ही बाटल्यांतला एकेक थेंब कागदाच्या पट्टीवर टाकला आणि दर तासाला हुंगला. दोन्ही पट्ट्या शेवटपर्यंत सारख्या. म्हणजे फरक बाटलीत नव्हता, अंगावर होता.

आता असं बघा. अत्तर हा एक पदार्थ नसतो. त्यात हलके रेणू असतात, ते आधी उडतात, म्हणून लिंबू पहिल्यांदा जातं. चंदनाचे जड रेणू मागे राहतात. बहुतेक सुगंधी रेणू तेलात सहज विरघळतात. तेलकट त्वचेवर ते त्या तेलात मुरतात आणि सावकाश बाहेर येतात. कोरड्या त्वचेवर त्यांना धरून ठेवायला काही नसतं. म्हणून तिथे वास लवकर विरतो, आणि लिंबू ते चंदन हा प्रवासही घाईत उरकतो.

त्वचा किंचित आम्लधर्मी असते, म्हणून अत्तर 'बदलतं', असंही तुम्ही ऐकलं असेल. पण दोन निरोगी माणसांतला आम्लतेचा फरक थोडाच असतो. सगळं श्रेय त्याला देऊ नये. जास्त फरक पडतो तो तेलाचा, ऊबेचा आणि घामावर जगणाऱ्या जिवाणूंचा. ताज्या घामाला फारसा वास नसतो, तो हे जिवाणू तयार करतात. प्रत्येकाचे जिवाणू वेगळे, म्हणून अत्तरामागची पार्श्वभूमीही वेगळी.

आहार याच पार्श्वभूमीत शिरतो. 2006 साली चेक संशोधकांनी काही पुरुषांना दोन आठवडे मांसाहार आणि दोन आठवडे मांसाविना आहार दिला. काखेचा वास हुंगणाऱ्या स्त्रियांना मांसाविना काळातला वास अधिक सुखद वाटला. पण लक्षात घ्या, तिथे अत्तर नव्हतं. जेवण अत्तराचे रेणू बदलतं असं यातून सिद्ध होत नाही. ते ज्या वासात मिसळतात, तो वास बदलतो, एवढंच म्हणता येतं.

शेवटी हिच्या एका मनगटावर आम्ही बिनवासाचं व्हॅसलीन चोळलं, दुसरं तसंच कोरडं ठेवलं, आणि दोन्हींवर अत्तराचा एकेक थेंब. दोन तासांनी कोरडं मनगट गप्प होतं, दुसऱ्यावर चंदन शाबूत. दुकानदार निर्दोष सुटला. म्हणून दुकानात कागदावर हुंगून अत्तर घेऊ नका. मनगटावर लावा, चार तास थांबा, मग ठरवा. कागद अत्तराची ओळख करून देतो, तुमच्या अंगावर ते कसं वागेल हे त्याला ठाऊक नसतं.