सोडा कुणाला ओळखतो? ॲसिड, फिनॉल आणि अल्कोहोलची गोष्ट

(या भागाचं शब्दांकन. बोलण्याच्या ओघातली भाषा बरीचशी तशीच ठेवली आहे.)

आज सुरुवात एका छोट्या कोड्याने करू. समोर दोन बाटल्या आहेत, लेबल निघून गेलंय. दोन्हींत पांढरी भुकटी. एकात बेंझॉइक ॲसिड आहे, दुसऱ्यात बीटा-नॅफ्थॉल. बीएस्सीच्या प्रॅक्टिकलला बसलेल्यांना दोन्ही नावं ओळखीची असतील. आता तुम्ही म्हणाल, मेल्टिंग पॉइंट काढा की! गंमत अशी, की दोन्ही साधारण १२२ अंश सेल्सिअसला वितळतात. म्हणजे थर्मामीटर इथे काही कामाचा नाही.

मग काय करायचं? खाण्याचा सोडा पाण्यात विरघळवायचा आणि त्यात चिमूटभर भुकटी टाकायची. एकीत फसफसून बुडबुडे येतात आणि भुकटी विरघळते. दुसरी तशीच तळाशी बसून राहते. फसफसली ती बेंझॉइक ॲसिडची, गप्प बसली ती नॅफ्थॉलची. झालं काम.

पण का? दोन्ही रेणूंमध्ये ऑक्सिजनला चिकटलेला हायड्रोजन आहे, तोच ओ-एच. अल्कोहोलमध्येही तोच. मग एकाचा हायड्रोजन पटकन सुटतो आणि दुसऱ्याचा सुटत नाही, हे कोण ठरवतं?

आधी सोड्याकडे बघू. खाण्याचा सोडा म्हणजे सोडियम बायकार्बोनेट. त्याला कुणी प्रोटॉन दिला, म्हणजे हायड्रोजनचा धनभारित गाभा दिला, की कार्बोनिक ॲसिड बनतं आणि ते फुटून कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. तेच ते बुडबुडे. पण हा व्यवहार तेव्हाच नीट होतो जेव्हा देणारा कार्बोनिक ॲसिडपेक्षा तगडा असेल. दुबळ्याने तगड्याला ढकलणं जमत नाही.

तगडेपणा मोजायला पीकेए नावाचा आकडा वापरतात. आकडा जितका लहान तितकं आम्ल जोरदार, आणि एकाचा फरक म्हणजे दहापट. एवढं लक्षात ठेवा, लॉगरिदम आपण बाजूला ठेवू. कार्बोनिक ॲसिडचा पीकेए सुमारे ६.४. व्हिनेगरमधल्या ॲसेटिक ॲसिडचा ४.७६, बेंझॉइकचा ४.२. हे दोघे सोड्याला प्रोटॉन देतात. फिनॉलचा सुमारे १०, बीटा-नॅफ्थॉलचा ९.५. हे देत नाहीत. आणि साध्या अल्कोहोलचा, म्हणजे इथेनॉलचा, जवळपास १६, जवळजवळ पाण्याइतकाच. म्हणजे फिनॉल इथेनॉलपेक्षा दहा लाख पट तगडं, आणि ॲसेटिक ॲसिड फिनॉलपेक्षा आणखी दीड लाख पट.

(फिनॉलचं जुनं नाव कार्बोलिक ॲसिड. नावात ॲसिड, पण सोड्यापुढे गप्प. उलट फिनॉलच्या सोडियम क्षारात कार्बन डायऑक्साइड सोडला तर द्रावण दुधाळ होतं, कारण फिनॉल पुन्हा वेगळं होतं. इथे कार्बोनिक ॲसिडच वरचढ.)

आता मुख्य मुद्दा. रेणूने प्रोटॉन सोडला की मागे काय उरतं? ऋणभार असलेला आयन. म्हणून प्रश्न थोडा फिरवून विचारायचा: प्रोटॉन सहज सुटतो का, यापेक्षा मागे राहिलेल्या त्या ऋणभाराची सोय कशी आहे? भार आरामात राहू शकत असेल तर प्रोटॉन परत बोलावला जात नाही. भाराची कोंडी झाली असेल तर लगेच बोलावला जातो.

इथेनॉलमध्ये सगळा भार एकट्या ऑक्सिजनवर बसतो. शेजारी इथाइल गट आहे, तो काही भार वाटून घेत नाही. म्हणून इथॉक्साइड आयन पाण्यात दिसला की पाण्याचाच प्रोटॉन ओढून घेतो.

फिनॉलमध्ये ऑक्सिजन बेंझीनच्या कड्याला जोडलेला असतो. इथे भाराला पसरायला जागा मिळते: कड्यातल्या ऑक्सिजनशेजारच्या दोन कार्बनवर आणि बरोबर समोरच्या एका कार्बनवर. याला रेझोनन्स म्हणतात. पुस्तकात चित्रं काढून दाखवतात आणि त्यामुळे एक गैरसमज होतो, की भार एकदा इथे, एकदा तिथे उड्या मारतो. तसं नाही. भार एकाच वेळी सगळीकडे थोडाथोडा असतो.

कार्बोक्झिलिक आम्लात मात्र दोन ऑक्सिजन आहेत, एकाच कार्बनला जोडलेले. प्रोटॉन गेला की दोघे अगदी सारखे होतात, भार निम्मा-निम्मा. हे नुसतं कागदावरचं नाही, मोजता येतं. फॉर्मिक ॲसिडमध्ये कार्बन-ऑक्सिजनचे दोन बंध वेगवेगळ्या लांबीचे असतात, सुमारे १२० आणि १३४ पिकोमीटर. सोडियम फॉर्मेटमध्ये दोन्ही १२७. बरोबर मधे!

इथे परीक्षेत हमखास गोची होते. फिनॉलच्या आयनाची चित्रं काढली तर पाच निघतात, कार्बोक्झिलेटची फक्त दोन. मग पाचवाला जास्त स्थिर नको का? नको. कारण फिनॉलच्या त्या चित्रांपैकी तीनमध्ये भार कार्बनवर बसवलाय, आणि कार्बनला ऋणभार सांभाळायची फारशी आवड नाही. ऑक्सिजनला आहे. शिवाय भार कड्यात सरकला की बेंझीनची खास स्थिरता थोडी बिघडते. कार्बोक्झिलेटमध्ये दोन्ही जागा ऑक्सिजनच्याच. इथे जागा मोजू नका, कुणाची जागा आहे ते बघा.

आता एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण बहुतेक गाईडमध्ये ती नसते. १९८६ मध्ये सिगल आणि थॉमस या दोघांनी दाखवायचा प्रयत्न केला की कार्बोक्झिलिक आम्लाच्या जोराचं मोठं श्रेय रेझोनन्सला नाही. त्यांचं म्हणणं असं, की प्रोटॉन जायच्या आधीपासूनच तिथला कार्बन इलेक्ट्रॉनच्या तुटवड्यात असतो, कारण दुहेरी बंधाने जोडलेला ऑक्सिजन त्याचे इलेक्ट्रॉन ओढून घेतो. त्यामुळे शेजारच्या ओ-एचमधला प्रोटॉन मुळातच सैल बसलेला असतो. यावर बराच वाद झाला. मला विचाराल तर दोन्ही कारणं खरी आहेत, भांडण फक्त वाट्याचं आहे. पण रेझोनन्स म्हटलं की विषय संपला, असं नाही.

आणि हे ओढून घेणं म्हणजेच इंडक्टिव्ह इफेक्ट, मराठी पुस्तकात प्रेरण परिणाम. तो एकटा बघायचा असेल तर क्लोरीन घ्या. क्लोरीन इलेक्ट्रॉन स्वतःकडे ओढतो आणि ही ओढ बंधांमधून पुढे पोचते. ॲसेटिक ॲसिड ४.७६ वर आहे. त्यात एक क्लोरीन घातला की २.८६. दोन घातले की १.३ च्या आसपास. तीन घातले की ०.७ च्याही थोडं खाली. तीन क्लोरीनवालं आम्ल मूळ व्हिनेगरवाल्यापेक्षा दहा हजार पटीहून जास्त जोरदार, आणि ऑक्सिजनांना तर कुणी हात लावलेला नाही!

पण ही ओढ लांब पोचत नाही. चार कार्बनचं ब्युटॅनॉइक ॲसिड घ्या, पीकेए ४.८२. क्लोरीन आम्लगटाला लागून असलेल्या कार्बनवर बसवला तर २.८६. एक कार्बन पलीकडे सरकवला तर ४.०५. आणखी एक सरकवला तर ४.५२. म्हणजे तीन घरं लांब गेलं की आवाज जवळपास ऐकूच येत नाही. रेझोनन्सचं तसं नाही, तो कड्याच्या पार समोरच्या टोकापर्यंत पोचतो.

आता हे सगळं एका प्रयोगात बघू. बेंझॉइक ॲसिड, बीटा-नॅफ्थॉल आणि मेंथॉल, म्हणजे पुदिन्याच्या वासाचं अल्कोहोल, असं तिघांचं मिश्रण ईथरमध्ये विरघळवलंय. तिघांनाही ईथर आवडतं, पाणी फारसं नाही. पण आयन झालं की उलटं, आयनला पाणी हवं. वेगळं करण्याची सगळी युक्ती एवढीच.

सेपरेटिंग फनेलमध्ये आधी सोड्याचं द्रावण घालून हलवायचं. इथे सांभाळा: आत गॅस तयार होतो, म्हणून फनेल उलटं धरून अधूनमधून तोटी उघडायची, नाहीतर बूच उडतं. आणि ईथर आहे, तेव्हा आसपास ज्योत नको. फक्त बेंझॉइक ॲसिड आयन होऊन खालच्या पाण्याच्या थरात उतरतं. नॅफ्थॉलचा हिशेब केला तर समतोल जवळजवळ १ विरुद्ध १४०० असा त्याच्या विरोधात जातो, म्हणून ते वरच राहतं. पाणी वेगळं काढून त्यात हायड्रोक्लोरिक ॲसिड घाला, निळा लिटमस चांगला लाल होईपर्यंत. पांढरा साका खाली बसतो, तो बेंझॉइक ॲसिडचा. लिटमस न बघता अर्ध्यात थांबलात तर बराच माल पाण्यातच राहतो आणि मग वजन कमी भरतं.

उरलेल्या ईथरमध्ये आता कॉस्टिक सोडा. तो बायकार्बोनेटपेक्षा कितीतरी कडक आहे, नॅफ्थॉलचा प्रोटॉन काढून घेतो. हेही पाण्यात उतरतं, आम्ल घातलं की परत मिळतं. मेंथॉल कॉस्टिकलाही दाद देत नाही, कारण अल्कोहोल पाण्याइतकंच दुबळं आम्ल आहे. ते ईथरमध्येच राहतं. कोमट पाण्यावर ईथर उडवलं की वासच सांगतो काय उरलंय.

क्रम उलटा केला तर? पहिल्यांदाच कॉस्टिक घातलं तर बेंझॉइक आणि नॅफ्थॉल दोघेही एकदम पाण्यात जातात आणि पुन्हा पहिल्यापासून. दुबळं हत्यार आधी, कडक नंतर.

शेवटी एक सावधानता. "फसफसलं म्हणजे कार्बोक्झिलिक ॲसिड" हा नियम फिनॉलच्या कड्यावर नायट्रो गट आले की मोडतो. नायट्रो गट ओ-एचच्या बरोबर समोर बसवला तर पीकेए १० वरून ७.१५ वर येतो, कारण भार थेट त्याच्या ऑक्सिजनांपर्यंत पसरतो. एक घर बाजूला, म्हणजे मेटा जागेवर बसवला तर ८.४ च्या आसपासच थांबतो. तिथून रेझोनन्सने पोचता येत नाही, फक्त इंडक्टिव्ह ओढ उरते. आणि तीन नायट्रो गट असलेलं पिक्रिक ॲसिड तर ०.४ वर, व्हिनेगरला लाजवेल असं, सोड्यात मस्त फसफसतं. तरी ते फिनॉलच. ओळखायची खूण म्हणजे रंग: भुकटी पांढरी नाही, पिवळीजर्द असते. आणि ती कोरडी झाली की स्फोटक, म्हणून बाटलीत कायम ओली ठेवतात. तशी जुनी, वाळलेली बाटली कपाटात दिसली तर झाकण फिरवायला जाऊ नका, आधी लॅबच्या सरांना किंवा मॅडमना हाक मारा.